तीच माहिती, तोच दिवस

चाकणमधली एक कंपनी ब्रेकसाठी लागणारे रबरी भाग बनवते, आणि जपानच्या आइची प्रांतातली एक कंपनी ते तिच्याकडून घेण्याच्या विचारात आहे, असं समजू. या दोन कंपन्या उदाहरणापुरत्या आहेत, पण अशा जोड्या पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात जागोजागी सापडतात. भावाची बोलणी सुरू होण्याआधी जपानी पाहुण्यांना ड्रॉइंग दाखवावी लागतात, रबराच्या मिश्रणाबद्दल थोडंफार सांगावं लागतं, कारखान्यात फिरवून साचे दाखवावे लागतात. म्हणून त्याआधी गोपनीयतेचा करार होतो. पुण्यातला वकील तो इंग्रजीत लिहितो आणि जपानी कंपनी म्हणते, आम्हाला याचा जपानी मजकूर हवा.

ही मागणी शिष्टाचारापुरती नसते. जपानी कंपन्यांमध्ये निर्णयाचा कागद खालपासून वरपर्यंत फिरतो आणि संबंधित विभागांचे प्रमुख त्यावर आपापला शिक्का उमटवतात. या पद्धतीला ‘रिंगी’ म्हणतात. खरेदी, संशोधन, कायदा असे सगळे विभाग तो मजकूर जपानीतच वाचतात. पुढे एखाद्या अभियंत्याला प्रश्न पडला, की हे ड्रॉइंग आपल्या दुसऱ्या पुरवठादाराला दाखवता येईल का, तर तो इंग्रजी प्रत शोधत बसणार नाही. तो जपानी कलम वाचून ठरवेल. भाषांतरात वर्तुळ जरा आत ओढलं गेलं, तर ते ड्रॉइंग त्याच दिवशी बाहेर जाईल, आणि चूक कुणीच केलेली नसेल.

या कामात ‘तंतोतंत समान’ याचा अर्थ शब्दाला शब्द असा नाही. कोणतीही एक वस्तू आणि कोणताही एक दिवस घ्यावा, आणि ‘ही वस्तू या दिवशी गोपनीय आहे का?’ असा प्रश्न दोन्ही मजकुरांना विचारावा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं पाहिजे. काम जाणणारे भाषांतरकार वाक्याच्या डौलापेक्षा या कसोटीला जास्त वेळ देतात. वर्तुळ किती मोठं आणि ते किती काळ टिकणार, या दोन गोष्टी गोपनीयता करारात सर्वांत आधी निसटतात.

आता मूळ करारातली पहिली व्याख्या पाहू. तिचा आशय असा आहे: ‘ड्रॉइंग, नमुने आणि इतर तांत्रिक माहिती, ज्यावर गोपनीय असा शिक्का आहे.’ वाक्य छोटं आहे, पण शिक्क्याची अट कुणाला लागू होते? फक्त शेवटच्या ‘इतर तांत्रिक माहिती’ला, की ड्रॉइंग आणि नमुन्यांनाही? इंग्रजीत अट वाक्याच्या शेवटी लोंबत असल्याने दोन्ही अर्थ निघतात. जपानी भाषांतरकाराला मात्र ती अट नामाच्या आधी आणावी लागते, कारण जपानीत विशेषण नेहमी पुढे येतं. मराठीतही तसंच आहे. ‘गोपनीय शिक्का असलेली ड्रॉइंग, नमुने आणि इतर तांत्रिक माहिती’ असं लिहिलं, की संशय थेट उलटतो: आता शिक्का बहुधा फक्त ड्रॉइंगवर हवा, नमुन्यांवर नको, असं वाटू लागतं. काहीही न बदलता, फक्त व्याकरणाचा नियम पाळून, वर्तुळाचा आकार बदलला.

जपानी कायद्याच्या भाषेत या जागी आणखी एक बारीक खिळा आहे. यादीच्या शेवटी ‘इतर’ म्हणायला दोन रूपं वापरली जातात: ‘सोनो ता’ आणि ‘सोनो ता नो’. फरक एका ‘नो’चा आहे. ‘ड्रॉइंग, नमुने सोनो ता नो तांत्रिक माहिती’ म्हटलं, तर ड्रॉइंग आणि नमुने ही तांत्रिक माहितीची उदाहरणं ठरतात. म्हणजे तांत्रिक माहितीला लावलेली अट त्यांनाही लागू होते. ‘सोनो ता’ म्हटलं, तर तिन्ही गोष्टी एका रांगेत पण स्वतंत्र उभ्या राहतात, आणि शेवटच्या गोष्टीची अट आपोआप आधीच्या दोघींवर जात नाही. रोजच्या बोलण्यात हा भेद कुणी पाळत नाही. जपानमध्ये कायद्यांचे मसुदे लिहिणारे तो काटेकोर पाळतात, आणि करार वाचणारे वकील त्याच डोळ्यांनी वाचतात.

चाकणच्या उदाहरणात याचा अर्थ काय होतो? कारखान्याच्या भेटीत पाहुण्यांच्या हातात रबराचा एक नमुना दिला. तीन सेंटिमीटरच्या त्या कड्यावर शिक्का मारायला जागा नाही, आणि मारणार तरी कोण? ‘सोनो ता नो’ वाचणाऱ्याच्या मते तो नमुना वर्तुळाबाहेर आहे. ‘सोनो ता’ वाचणाऱ्याच्या मते तो आत आहे. हा प्रश्न भाषांतरकाराने स्वतः सोडवायचा नाही. त्याने वकिलाला विचारायचं: शिक्का सगळ्यांना हवा, की फक्त शेवटच्या गटाला? उत्तर आलं की लिहिण्याची सुरक्षित पद्धत ठरलेली आहे. यादी फोडून क्रमांकांच्या ओळींत मांडायची आणि सगळ्यांना लागू असणारी अट ओळींच्या वरच्या मुख्य वाक्यात ठेवायची. जपानी मसुद्यांत या वरच्या वाक्याला ‘हाशिरागाकी’ म्हणतात. अट त्या वाक्यात असेल तर ती सगळ्या ओळींना लागते. एखाद्या ओळीत असेल तर त्या ओळीपुरतीच राहते. मग व्याकरणावर काही अवलंबून राहत नाही.

दुसरा सापळा दिसायला अगदी निरुपद्रवी आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. ‘गोपनीय माहिती’साठी जपानीत सरळ शब्द आहे ‘हिमित्सु जोहो’. पण व्यवसायातल्या गुपितासाठी ‘एइग्यो हिमित्सु’ असाही शब्द आहे. तो जास्त भारदस्त वाटतो आणि कायद्यातही आढळतो. तिथेच घोटाळा होतो. जपानच्या अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्याच्या दुसऱ्या कलमातल्या सहाव्या उपकलमात ‘एइग्यो हिमित्सु’ची व्याख्या आहे आणि तिच्या तीन अटी आहेत: माहिती गुप्त म्हणून सांभाळलेली असली पाहिजे, ती व्यवसायाला उपयोगी असली पाहिजे आणि ती लोकांना माहीत नसली पाहिजे. तिन्ही अटी एकत्र जमल्या तरच ती माहिती ‘एइग्यो हिमित्सु’ ठरते. चाकणच्या कंपनीने एका फसलेल्या प्रयोगाचा अहवाल दिला, पण तो आपल्याकडे कुलपात ठेवलेला नव्हता, असं धरा. करारानुसार तो गोपनीय आहे, कारण त्यावर शिक्का आहे. कायद्याच्या व्याख्येत मात्र तो पहिल्याच अटीवर अडखळू शकतो. भाषांतरकाराने भारदस्त शब्द वापरला, आणि कराराने दिलेलं संरक्षण कायद्याच्या अरुंद दरवाज्यातून आत न्यावं लागलं.

उलट प्रसंगही येतो. मूळ करारात दोन पातळ्या असतात: सर्व गोपनीय माहिती ठरावीक वर्षं सांभाळायची, आणि त्यातली जी व्यापारी गुपितं आहेत ती गुपितं राहतील तोपर्यंत सांभाळायची. तिथे ‘एइग्यो हिमित्सु’च हवा. फक्त करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे ते पाहावं लागतं. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. असा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या आपल्या २८९व्या अहवालात केली. करार भारतीय कायद्याखाली असेल, तर जपानी वाचकाने तो शब्द पाहून मनात आपल्या कायद्याची व्याख्या आणू नये, म्हणून करारातच त्याची व्याख्या हवी. ती मूळ मसुद्यात नसेल, तर ती घालणं हे वकिलाचं काम आहे, भाषांतरकाराचं नाही.

वर्तुळाला एक मागचं दारही असतं: अपवादाचं कलम. जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं, की लोकांना आधीच माहीत असलेली माहिती गोपनीय नाही, आणि पुढे घेणाऱ्याच्या चुकीशिवाय जाहीर झालेली माहितीही गोपनीय नाही. हे दोन वेगळे अपवाद आहेत, आणि दुसऱ्याचा जीव ‘चुकीशिवाय’ या शब्दात आहे. जपानीत ‘लोकांना माहीत असलेली’ यासाठी ‘कोची’ हा नेमका शब्द आहे. घाईत असलेला भाषांतरकार दोन्ही अपवाद एका झटक्यात ‘कोची नो जोहो’ म्हणून टाकतो. वाक्य सुटसुटीत होतं, वाचायला छान वाटतं. पण आता जपानी कंपनीने स्वतःच एखाद्या प्रदर्शनात ते ड्रॉइंग भिंतीवर लावलं, तर ते ‘कोची’ झालं, आणि अपवादात बसलं. ज्याने गुपित फोडलं त्यालाच सूट मिळाली. म्हणून दोन अपवाद दोन ओळींत ठेवावे लागतात. पहिल्यात ‘उघड झाली तेव्हा’ हा काळ स्पष्ट लिहावा लागतो, आणि दुसऱ्यात ‘घेणाऱ्यावर ज्याची जबाबदारी येते अशा कारणाशिवाय’ ही लांबलचक जपानी शब्दरचना पूर्ण लिहावी लागते. ती कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय चालत नाही.

माहिती कोणाला दाखवता येईल, हे कलमही वर्तुळाच्या आकाराचाच भाग आहे. चाकणच्या करारात लिहिलं आहे, की घेणाऱ्याला ही माहिती आपल्या कर्मचाऱ्यांना आणि संलग्न कंपन्यांना दाखवता येईल. संलग्न म्हणजे ज्या कंपनीवर ५० टक्क्यांहून अधिक मतांचं नियंत्रण आहे ती. शब्दकोश उघडला की संलग्न कंपनीसाठी ‘कानरेन-गाइशा’ हा शब्द मिळतो. जपानच्या कंपनी हिशेबाच्या नियमांत या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: जिच्या निर्णयांवर मोठा प्रभाव टाकता येतो, साधारणपणे २० टक्के किंवा अधिक मतं आहेत, अशी कंपनी. उपकंपनी यात येत नाही, तिच्यासाठी ‘कोगाइशा’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे एका शब्दाने दोन चुका होतात. २५ टक्के हिस्सा असलेली कंपनी, जिला मुळात माहिती दाखवायची नव्हती, ती आत येते. आणि पूर्ण मालकीची उपकंपनी, जिला दाखवायची होती, ती बाहेर जाते.

त्यातच टक्क्याचा प्रश्न येतो. जपानीत ‘५० टक्के इजो’ म्हणजे ५० किंवा त्याहून अधिक. ‘५० टक्के चो’ म्हणजे ५० पेक्षा अधिक, ५० नव्हे. मूळ करारात ५० टक्के निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपन्यांना मुद्दाम बाहेर ठेवण्यासाठी लिहिलेले असतात. वाहन उद्योगात दोन कंपन्यांच्या भांडवलाच्या अशा संयुक्त कंपन्या नेहमीच्या आहेत, आणि त्यात दुसरा भागीदार कधीकधी चाकणच्या कंपनीचा स्पर्धक असतो. ‘इजो’ लिहिलं, की त्या स्पर्धकाच्या टेबलावर ड्रॉइंग पोचण्याचा रस्ता कागदावर मोकळा होतो. म्हणून अशा ठिकाणी शब्दकोशातली जुळणी न शोधता करारातली व्याख्या जशीच्या तशी जपानीत न्यायची. व्याख्येचं नाव एखादं साधं, कायद्यात अर्थ न ठरलेलं ठेवायचं, आणि कंसात ‘चो’ तपासून घ्यायचा.

‘कर्मचारी’ या शब्दावरही थांबावं लागतं. जपानी कारखान्यात आणि कार्यालयात ‘हाकेन’ म्हणजे दुसऱ्या संस्थेकडून पाठवलेली माणसं बरीच असतात. ती रोज तिथे काम करतात, पण त्यांची नोकरी पाठवणाऱ्या संस्थेकडे असते. संचालकही जपानी समजुतीप्रमाणे कर्मचारी नसतात. भाषांतरकाराने ‘जुग्योइन’ लिहिलं तर संचालक बाहेर राहतात. ‘याकुशोकुइन’ लिहिलं तर ते आत येतात. मुद्दा कागदावरचा नाही. २०१४ मध्ये शिक्षणसाहित्य पुरवणाऱ्या बेनेस्से या कंपनीतून सुमारे साडेतीन कोटी नोंदींची ग्राहकांची माहिती बाहेर गेली. ती नेणारा अभियंता त्या कंपनीच्या पगारावर नव्हता, तिचं काम घेतलेल्या साखळीतून तिथे आलेला होता. त्याला अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्याखालीच शिक्षा झाली. म्हणून जपानी कंपन्यांचे कायदा विभाग ‘कुणाला’ या कलमातला एकेक शब्द मोजून घेतात.

याच कलमात आणखी एक सवय घात करते. जपानी व्यावसायिक लेखनात यादीच्या शेवटी ‘तोओ’ हे अक्षर जोडण्याची पद्धत आहे. त्याचा अर्थ ‘वगैरे’. ते लिहिलं की वाक्य गोल आणि नम्र होतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. ‘संचालक, कर्मचारी तोओ’. मूळ यादी बंद होती, आता ती उघडी झाली. सल्लागार, कंत्राटदार, निवृत्त तज्ज्ञ, कोणीही ‘वगैरे’त बसू शकतो. उलट, मूळ यादी मुद्दाम उघडी असेल, तर नुसता ‘तोओ’ पुरत नाही. ‘यांचा समावेश होतो, पण यांपुरतं मर्यादित नाही’ हे पूर्ण वाक्य लिहावं लागतं. बंद यादी बंद राहिली का आणि उघडी यादी उघडी राहिली का, हे तपासायला एक सोपा उपाय आहे: भाषांतर पूर्ण झाल्यावर संगणकावर ‘तोओ’ हे अक्षर शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी मूळ मजकुरात त्याला आधार आहे का ते पाहायचं.

आता काळाकडे येऊ. तिथे चूक शोधणं एका अर्थी सोपं असतं, कारण उत्तर तारीख असते. चाकणच्या करारात दोन घड्याळं आहेत. करार १ एप्रिल २०२४ पासून दोन वर्षं चालेल, हे पहिलं. प्रत्येक माहिती ती उघड केल्याच्या तारखेपासून पाच वर्षं गोपनीय राहील, करार संपला तरी, हे दुसरं. दुसरं घड्याळ प्रत्येक माहितीसाठी वेगळं सुरू होतं.

जपानमध्ये वापरात असलेल्या अनेक नमुना करारांमध्ये ही रचना वेगळी असते. तिथे गोपनीयतेचं बंधन ‘करार संपल्यानंतर अमुक वर्षं’ असं मोजलेलं असतं. भाषांतरकाराच्या हातात असाच एखादा जुना मजकूर असतो आणि दोन्ही कलमं सारखीच दिसतात: त्यात ‘पाच वर्षं’ आहे, ‘संपल्यानंतरही’ आहे, ‘गोपनीय’ आहे. म्हणून तो ते वाक्य उचलतो. आता १५ मे २०२४ रोजी दिलेलं ड्रॉइंग घ्या. मूळ करारानुसार ते १५ मे २०२९ पर्यंत गोपनीय आहे. जपानी मजकुरानुसार करार ३१ मार्च २०२६ ला संपेल आणि पाच वर्षं ३१ मार्च २०३१ पर्यंत चालतील. फरक सुमारे साडेबावीस महिन्यांचा. त्याच करारात १० मार्च २०२६ रोजी दिलेल्या ड्रॉइंगसाठी मात्र फरक फक्त २१ दिवसांचा असेल. म्हणजे चूक प्रत्येक माहितीसाठी वेगळी आहे. सुरुवातीला दिलेल्या मूलभूत ड्रॉइंगांवर ती सर्वांत मोठी, आणि शेवटच्या आठवड्यांतल्या कागदांवर जवळजवळ अदृश्य. तपासणाऱ्याने उदाहरणासाठी शेवटच्या महिन्यातली तारीख घेतली, तर त्याला चूक दिसणारही नाही. मुदतवाढ मिळत करार दहा वर्षं चालला, तर पहिल्या दिवशीच्या ड्रॉइंगवरचं बंधन मूळच्या पाच वर्षांऐवजी पंधरा वर्षांचं होईल.

यात कुणाचा फायदा होतो, हा भाषांतरकाराचा प्रश्न नाही. चाकणच्या कंपनीला वाढीव मुदत बरी वाटेल, पण दोन्ही बाजू माहिती देणाऱ्या असतील, तर तेच बंधन तिच्यावरही येतं.

एका दिवसाचा फरकही असतो, आणि तो अधिक अवघड आहे, कारण तो कायद्याने ठरतो. जपानच्या दिवाणी संहितेच्या १४०व्या कलमात नियम आहे: मुदत दिवस, आठवडे, महिने किंवा वर्षांत दिलेली असेल, तर पहिला दिवस धरायचा नाही. फक्त मुदत मध्यरात्री बारापासून सुरू होत असेल तर तो धरायचा. जपानी वकील या नियमाला ‘शोनिचि फुसान्न्यु’ म्हणतात. १४३व्या कलमाप्रमाणे वर्षांची मुदत कॅलेंडरनुसार मोजायची आणि सुरुवातीच्या दिवसाच्या आदल्या तारखेला संपवायची. १५ मे २०२४ ला दुपारी ड्रॉइंग दिलं, ‘त्या दिवसापासून पाच वर्षं’, तर मोजणी १६ मेपासून, आणि शेवट १५ मे २०२९ च्या मध्यरात्री. पण मसुद्यात ‘कारा’ म्हणजे ‘पासून’ एवढंच न लिहिता ‘कारा किसान शिते’ लिहिलं, म्हणजे ‘तो दिवस धरून मोजल्यास’, तर पहिला दिवस आत येतो आणि शेवट १४ मे २०२९. दोन्ही रूपं जपानी करारांत आढळतात. अनेकदा ती केवळ शैली म्हणून वापरली जातात आणि प्रत्येक वेळी एक दिवस हलतो.

पाच वर्षांत एक दिवस क्षुल्लक वाटतो. पण तोच नियम तोंडी माहितीच्या कलमात येतो, आणि तिथे एका दिवसावर सगळं टिकतं. करारात असतं, की बैठकीत तोंडी सांगितलेली माहिती ३० दिवसांत लेखी कळवली तरच गोपनीय ठरेल. बैठक ४ जून २०२४ रोजी झाली. पहिला दिवस सोडला, तर शेवटची तारीख ४ जुलै. धरला, तर ३ जुलै. चाकणहून पत्र ४ जुलैला गेलं, तर एका मजकुरानुसार रबराचं मिश्रण गोपनीय आहे, दुसऱ्यानुसार कधीच नव्हतं. ‘३० दिवसां’ऐवजी ‘एक महिना’ लिहिण्याची मोकळीक तर मुळीच घेता येत नाही. ३१ जानेवारी २०२५ ला बैठक झाली, तर ३० दिवस २ मार्चला भरतात आणि महिना २८ फेब्रुवारीला संपतो.

करार कोणत्या दिवशी सुरू होतो, यावरही असंच भांडण होऊ शकतं. पुण्यात सही एका दिवशी होते, जपानमध्ये कागद पोस्टाने जातो, शिक्के उमटतात आणि दुसरी सही तीन आठवड्यांनी होते. मूळ मजकुरात ‘शेवटची सही होईल तो दिवस’ असं असेल, तर जपानीत नुसतं ‘तेइकेत्सु-बी’ म्हणजे ‘करार झाल्याचा दिवस’ लिहून भागत नाही. ‘शेवटची सही’ हे शब्द आलेच पाहिजेत. वर्षही ख्रिस्ती सनातच ठेवावं. जपानी सम्राटाच्या कालखंडाने वर्षं लिहिण्याची पद्धत कार्यालयांत अजून आहे, आणि हेइसेइ कालखंड एप्रिल २०१९ मध्ये संपला तेव्हा पुढल्या तारखेला ‘हेइसेइ ३३’ असं लिहिलेले कागद लोकांकडे होते. ते वर्ष त्या नावाने कधी आलंच नाही, ते २०२१ होतं.

‘कायमचं’ हा शब्दही सरळ नाही. मूळ करार म्हणतो, काही माहिती कायम गोपनीय राहील. जपानीत ‘एइक्यू नि’ म्हणजे सदासर्वकाळ, आणि ‘किकान नो सादामे नाकु’ म्हणजे मुदत न ठरवता. दुसरं ऐकायला सौम्य आहे म्हणून बरेच जण तेच वापरतात. पण मुदत न ठरवलेलं बंधन पूर्वसूचना देऊन संपवता येतं, असा युक्तिवाद जपानी वकील करू शकतो. मूळ लेखकाला तो युक्तिवाद शक्य व्हायला नको असेल, तर हा शब्द चालत नाही.

या सगळ्याची तपासणी कशी करायची? बऱ्याच कंपन्या जपानी मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून पाहतात. काही चुका त्यात सापडतात, पण ‘कारा’ आणि ‘कारा किसान शिते’ दोन्हीचं इंग्रजी ‘पासून’ असंच परत येतं, ‘सोनो ता’ आणि ‘सोनो ता नो’ दोन्ही ‘इतर’ होऊन येतात, आणि ‘तोओ’ अनेकदा गळून पडतो. चूक परतीच्या प्रवासात पुसली जाते. त्यापेक्षा उपयोगी पडतो एक साधा तक्ता. डावीकडे खऱ्या-खोट्या पण नेमक्या घटना लिहायच्या: शिक्का नसलेला नमुना भेटीत हातात दिला. ४ जूनला तोंडी सांगितलेलं ४ जुलैला कळवलं. जपानी कंपनीने स्वतः प्रदर्शनात लावलेलं ड्रॉइंग. निम्म्या भागीदारीच्या कंपनीला पाठवलेली फाइल. हाकेन कामगाराने उघडलेला अहवाल. १५ मे २०२४ चं ड्रॉइंग १ जून २०२९ ला कुणाला दाखवलं. उजवीकडे दोन रकाने, मूळ मजकूर काय म्हणतो आणि जपानी मजकूर काय म्हणतो. दोन वेगळ्या माणसांनी, एकाने फक्त इंग्रजी आणि एकाने फक्त जपानी वाचून, हे रकाने भरायचे. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे भाषांतराची चूक आहे. जिथे मूळ मजकूर वाचणाऱ्यालाच उत्तर देता येत नाही, तिथे मसुद्याची चूक आहे.

दुसऱ्या प्रकारची चूक भाषांतरकाराने गुपचूप दुरुस्त करायची नाही. जपानी वाचकाला करार ओळखीचा वाटावा म्हणून न सांगता कलमं घालणंही त्याच जातीचं आहे. संघटित गुन्हेगारीशी संबंध नसल्याची हमी आणि वाद झाला तर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे चर्चा करण्याचं वचन, ही दोन कलमं जपानी करारांत इतकी नेहमीची आहेत, की नसली तर कागद अर्धवट वाटतो. तरी मूळ मजकुरात नसतील तर ती भाषांतरात येऊ शकत नाहीत. जपानी भाषांतरकार अशा शंका ‘मोओशिओकुरी’ नावाच्या वेगळ्या कागदावर लिहून मजकुरासोबत देतात. एकेक ओळ, कलमाचा क्रमांक, दोन संभाव्य अर्थ आणि आपण तूर्त कोणता घेतला ते.

चाकणच्या करारात हा कागद पुण्याच्या वकिलाकडे परत येतो, तेव्हा त्यावर ठळक शंका तीन असतात: शिक्क्याची अट कुणाला, कोणत्या देशाच्या कायद्याने दिवस मोजायचे, आणि दोन मजकुरांत फरक निघाला तर कोणता खरा मानायचा. वकील पहिलीसाठी व्याख्या क्रमांकांत फोडतो. तिसरीसाठी इंग्रजी मजकूर प्रमाण असल्याचं कलम घालतो, पण जपानी अभियंता तो मजकूर वाचणार नाही हे त्याला ठाऊक असल्याने दुसऱ्या शंकेवर तो थांबतो. कराराच्या मुदतीसाठी तो दोन्ही भाषांत आकडेच लिहितो: १ एप्रिल २०२४ पासून ३१ मार्च २०२६ पर्यंत, दोन्ही दिवस धरून. तोंडी माहितीसाठी ‘३० दिवस, उघड केल्याचा दिवस न धरता’ असं मूळ इंग्रजीतच घालतो. आणि पाच वर्षांसाठी, प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात शिक्क्याखाली ते दिल्याची तारीख आणि गोपनीयता संपण्याची तारीख छापायची, अशी एक ओळ कराराच्या परिशिष्टात जोडतो. १५ मेच्या ड्रॉइंगवर मग २०२४-०५-१५ आणि २०२९-०५-१५ असे दोन आकडे असतात, आणि ते जपानीत भाषांतरित करावे लागत नाहीत.